लॅबच्या ‘होम कलेक्शन’ची जाहिरात कशी लिहावी

पॅथॉलॉजी लॅबची जाहिरात पहिल्यांदाच लिहायला घेतलेल्या माणसाच्या हाताशी तीन शब्द तयार असतात: अचूक, सुरक्षित, गोपनीय. मीही सुरुवातीला तेच लिहायचो. जाहिरात छापून यायची, फोन यायचे, आणि लॅबच्या फोनवर बसणाऱ्या मुलीला लोक नेमके तेच प्रश्न विचारायचे ज्यांची उत्तरं जाहिरातीने दिली असं मला वाटत होतं. कोण येणार? रक्त किती वेळ पिशवीत पडून राहणार? माझं आणि नवऱ्याचं एकाच वेळी घेतलं तर अदलाबदल नाही ना होणार? रिपोर्ट कोणाला दिसणार?

हे प्रश्न वाचून एक गोष्ट लक्षात येते. ‘अचूक’ हा शब्द वाचकाला तपासून पाहता येत नाही. ‘नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहितो’ हे मात्र त्याला आपल्या घरात, आपल्या डोळ्यांनी पाहता येतं. म्हणून या जाहिरातीत विश्वास देणारं प्रत्येक वाक्य असं असावं की ते खरं आहे की नाही, हे वाचकाला स्वतः बघता यावं. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो. उदाहरण एकच घेऊ: उपाशीपोटीची साखर आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी, या दोन चाचण्यांसाठी घरी येऊन नमुना नेण्याची जाहिरात.

पहिली पायरी: एक सकाळ सॅम्पल घेणाऱ्याबरोबर घालवा

एक ओळही लिहिण्याआधी लॅबकडे परवानगी मागा आणि फ्लेबोटॉमिस्टबरोबर, म्हणजे रक्त घ्यायला जाणाऱ्या माणसाबरोबर, एक फेरी करा. ज्यांच्या घरी जाणार त्यांचीही परवानगी आधीच घेतलेली असावी. कोणी नको म्हणालं तर दाराबाहेर थांबा. यंत्रं बघायला लॅबमध्ये जाणं सोपं असतं आणि बहुतेक जण तेवढंच करतात. पण लॅबच्या कामात चुका जिथे सर्वात जास्त होतात ती जागा यंत्राच्या आधीची आहे: माणूस ओळखणं, नमुना घेणं, नळीवर नाव घालणं, तो वेळेत पोहोचवणं. होम कलेक्शनमध्ये हा सगळा भाग लॅबच्या भिंतींबाहेर घडतो. वाचकाची शंकाही नेमकी त्याच भागाबद्दल असते. त्यामुळे जाहिरातीचा मजकूर तुम्हाला तिथेच सापडेल.

काय बघायचं? चांगला फ्लेबोटॉमिस्ट दार उघडल्यावर ‘तुम्हीच अमुक ना?’ असं विचारत नाही. तो म्हणतो, ‘तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा.’ फरक छोटा दिसतो, पण पहिल्या प्रश्नाला झोपेतला, कमी ऐकू येणारा किंवा घाईतला माणूस नुसतं ‘हो’ म्हणून मोकळा होतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला स्वतः द्यावं लागतं आणि ते हातातल्या कागदाशी जुळवून बघता येतं.

नंतर तो दंडाला पट्टा बांधतो. हा पट्टा साधारण एका मिनिटापेक्षा जास्त आवळलेला राहू नये, कारण रक्त साचून राहिलं की त्यातल्या काही घटकांचं प्रमाण बदलतं. मग सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटतं. रक्त नळीत जातं, नळी हलक्या हाताने उलटसुलट केली जाते. ती जोरात हलवली तर तांबड्या पेशी फुटतात आणि मग पोटॅशियमसारखे आकडे खोटेच वाढलेले दिसतात. आणि शेवटी, रक्त घेऊन झाल्यावर, रुग्ण समोर असतानाच, नळीवर नाव लिहिलं जातं किंवा स्टिकर लावला जातो.

हा शेवटचा क्रम नीट बघा. काही जण वेळ वाचवायला रिकाम्या नळ्यांवर आधीच नावं घालून आणतात. एकाच घरात आई आणि वडील दोघांचं रक्त घ्यायचं असेल तर अदलाबदल होण्याची ही सर्वात सोपी वाट. नंतर यंत्र कितीही भारी असो, ते चुकीच्या माणसाच्या रक्ताचा बरोबर आकडा देईल.

त्या सकाळी तुमच्या वहीत ज्या क्रिया उतरतील, तीच जाहिरातीची वाक्यं होणार आहेत.

दुसरी पायरी: दाव्यांची वही

एका वहीत डाव्या बाजूला तुम्हाला लिहावंसं वाटणारं वाक्य लिहा आणि उजव्या बाजूला ते लॅबमध्ये कोण करतो, कधी करतो आणि ते चुकलं तर काय होतं, हे लिहा. उजवी बाजू रिकामी राहिली तर डावं वाक्य खोडा. हे काम लॅबच्या मालकाबरोबर न करता रोजचं काम बघणाऱ्या मॅनेजरबरोबर करा. मालकाला काय व्हायला हवं ते माहीत असतं, मॅनेजरला काय होतं ते माहीत असतं.

आपल्या उदाहरणातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य घेऊन बघू: ‘नमुना वेळेत लॅबमध्ये पोहोचतो.’ वेळेत म्हणजे किती? साखरेच्या बाबतीत याला फार अर्थ आहे. नळीत भरलं म्हणून रक्त मेलेलं नसतं. त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. रक्त साध्या नळीत, सामान्य तापमानाला, तसंच ठेवलं तर साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. समजा, एखाद्याची उपाशीपोटीची खरी साखर १३० आहे. मधुमेहाच्या निदानासाठी वापरली जाणारी रेषा १२६ ची आहे. ती नळी दोन तास तशीच फिरली तर यंत्रावर आकडा ११५ च्या आसपास येईल. माणूस निर्धास्त होऊन घरी बसेल आणि कोणाचीच चूक दिसणार नाही.

म्हणून साखरेसाठी फ्लोराइड घातलेली, बहुतेक ठिकाणी राखाडी बुचाची, नळी वापरतात. फ्लोराइडने पेशींचं खाणं थांबतं, पण लगेच नाही. पहिला तास-दोन तास साखर थोडी उतरतच राहते. त्यामुळे राखाडी बुच असलं तरी नळी लवकर पोहोचणं आणि वेळेत रक्तद्रव वेगळा होणं, दोन्ही महत्त्वाचं. एचबीए१सीचं तसं नाही. ती जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात आणि थंड ठेवली तर काही दिवस टिकते. एकाच पेटीतल्या दोन नळ्या, पण दोघींची घाई वेगवेगळी.

आता मॅनेजरला विचारा: पहिल्या घरातलं रक्त किती वाजता निघतं आणि पेटी लॅबमध्ये किती वाजता येते? मी एका लॅबसाठी हे विचारलं तेव्हा उत्तर असं आलं की पहिलं घर साडेसहाचं, शेवटचं साडेनऊचं आणि मग सगळी पेटी एकदम दहाला लॅबमध्ये. म्हणजे पहिल्या घरातली साखर साडेतीन तास फिरत होती. ‘वेळेत पोहोचतो’ हे वाक्य तिथे लिहिताच आलं नसतं. लॅबने मार्ग दोन तुकड्यांत तोडला, आठ वाजता एक फेरी लॅबकडे परत यायला लागली आणि मग आम्ही लिहिलं: ‘साखरेची नळी दोन तासांच्या आत लॅबमध्ये.’ वहीची उजवी बाजू भरायला बसलो नसतो तर तो मार्ग तसाच राहिला असता.

इथेच एक सापळा आहे. जाहिरातवाल्यांना बर्फाची पेटी फार आवडते. निळसर फोटो, पेटीतून निघणारी वाफ, ‘संपूर्ण थंडाव्यात’. पण सगळ्याच नमुन्यांना थंडावा मानवत नाही. पोटॅशियमसाठीचं रक्त पेशी वेगळ्या न करता थंडीत ठेवलं तर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा खोटा वाढतो. त्यामुळे ‘बर्फात ठेवून नेतो’ असं सरसकट लिहू नका. ‘प्रत्येक चाचणीला लागणाऱ्या तापमानात’ हे खरं असेल तर तेच लिहा, आणि कोणती चाचणी कशी नेतात हे फोनवरच्या माणसाला माहीत असू द्या.

तिसरी पायरी: अचूकतेबद्दल लिहिताना

‘१०० टक्के अचूक’ हे लिहायचंच नाही. कोणतीच चाचणी तशी नसते. त्याच माणसाची साखर उद्या सकाळी पुन्हा मोजली तर दोन-चार आकड्यांचा फरक पडणारच. शरीर रोज थोडं बदलतं आणि मोजमापातही थोडी हालचाल असते. वाचकाने हे दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून अनुभवलेलं असतं. तुम्ही १०० टक्के म्हणालात की तो तुमचं पुढचं काहीही मानत नाही.

मग काय लिहायचं? तीन गोष्टी पुरतात. नमुना कसा हाताळला जातो, लॅबला कोणती मान्यता आहे आणि काही बिघडलं तर लॅब काय करते.

मान्यतेबद्दल एक बारकावा माहीत हवा. वैद्यकीय लॅबसाठी आयएसओ १५१८९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पण ही मान्यता सरसकट ‘लॅबला’ मिळते असं समजू नका. ती ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक चाचण्यांच्या यादीसाठी असते. लॅबच्या पाच शाखा असतील आणि एकाच शाखेला मान्यता असेल, किंवा तुम्ही ज्या चाचणीची जाहिरात करताय तीच यादीत नसेल, तर ते चिन्ह वर छापणं म्हणजे दिशाभूल. प्रमाणपत्राची जोडयादी मागून घ्या, साखर आणि एचबीए१सी तिच्यात शोधा, मुदत बघा. मग लिहा: ‘या दोन्ही चाचण्या आयएसओ १५१८९ च्या मान्यतेखाली होतात.’ हे वाक्य छोटं आहे आणि कोणीही तपासू शकतो.

बिघाडाबद्दल लिहायला लॅब घाबरतात. ‘नमुना खराब झाला तर’ असं जाहिरातीत लिहिलं तर लोकांना वाटेल की आमच्याकडे नमुने खराब होतात, असं मला कितीदा सांगितलं गेलंय. माझा अनुभव उलटा आहे. रक्त गोठतं, पेशी फुटतात, कधी नळी पुरेशी भरत नाही. हे प्रत्येक चांगल्या लॅबमध्ये होतं. चांगली लॅब असा नमुना यंत्रावर चढवत नाही, बाजूला ठेवते आणि पुन्हा मागते. ‘नमुना योग्य नसेल तर आम्ही त्यावरून आकडा देत नाही, पुन्हा येऊन घेतो, त्याचे पैसे लागत नाहीत.’ हे वाक्य लॅबला कमीपणा देत नाही. चुकीचा आकडा देण्यापेक्षा पुन्हा यायला तयार असलेली लॅब आहे, एवढं त्यातून पोहोचतं. अर्थात पैसे लागत नाहीत हे खरं असेल तरच.

आणि जे घरून करता येत नाही तेही सांगा. रक्तातला अमोनिया किंवा रक्तातले वायू मोजायचे असतील तर नमुना काही मिनिटांत यंत्रापर्यंत जावा लागतो. तो घरून नेण्यासारखा नसतो. ‘काही चाचण्यांसाठी लॅबमध्येच यावं लागतं, फोनवर विचारा’ एवढी ओळ पुरे.

चौथी पायरी: गोपनीयता दारापासून सुरू होते

गोपनीयता म्हटलं की लॅबवाले सर्व्हर आणि पासवर्डबद्दल बोलायला लागतात. वाचकाच्या मनात मात्र शेजारी, सासरचे, ऑफिसातले सहकारी आणि घरातला लहान मुलगा असतो. त्याला भीती असते ती ओळखीच्यांची.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. एका लॅबच्या जाहिरातीत मी लिहिलं होतं, ‘रिपोर्ट थेट मोबाईलवर’. सोय म्हणून लिहिलं. एका बाईंनी त्यांच्या भावाच्या फोनवरून वेळ ठरवली होती, कारण त्यांच्या फोनला त्या दिवशी रेंज नव्हती. रिपोर्ट थेट मोबाईलवर गेला, भावाच्या. त्यात काय होतं ते मला कधी कळलं नाही आणि कळायचं कारणही नाही. पण बाईंनी लॅबला एवढंच विचारलं की ‘कोणाचा मोबाईल, हे तुम्ही मला विचारलं का?’ मी त्या जाहिरातीत तो प्रश्नच उभा केला नव्हता. ज्या नंबरवरून वेळ घेतली तोच रिपोर्टचा नंबर, असं लॅबने धरलं आणि मी ते वाक्यात गुळगुळीत करून टाकलं.

तेव्हापासून मी गोपनीयतेचा मजकूर एका प्रश्नाने सुरू करतो: रिपोर्ट कोणत्या नंबरवर हवा, हे वेगळं विचारलं जातं का? नसेल तर लॅबला आधी फॉर्म बदलायला सांगतो, मग जाहिरात.

त्यानंतर तोच प्रवास पुन्हा चाला, या वेळी शेजाऱ्याच्या डोळ्यांनी. दारात ‘एचआयव्हीची टेस्ट आहे ना?’ असं मोठ्याने विचारलं जातं का? हातातल्या कागदावर आधीच्या आणि पुढच्या घरांची नावं आणि चाचण्या उघड्या दिसतात का? मोबाईल लॉक असतानाही वर दिसणाऱ्या मेसेजमध्ये चाचणीचं नाव असतं, की नुसतं ‘तुमचा रिपोर्ट तयार आहे’? रिपोर्टच्या फाइलला पासवर्ड आहे, पण तो जन्मतारीखच असेल तर घरातल्या प्रत्येकाला तो पाठ आहे. एकदाच चालणारा कोड ज्याच्या त्याच्या फोनवर येत असेल तर ते जास्त बरं.

या उत्तरांतून जाहिरातीत दोन-तीन वाक्यंच घ्या. ‘दारात चाचणीचं नाव घेत नाही.’ ‘मेसेजमध्ये चाचणीचं नाव नसतं.’ ‘रिपोर्ट कोणत्या नंबरवर, ते तुम्ही सांगा.’ एवढ्याने वाचकाला कळतं की या लोकांनी आपल्यासारख्यांचा विचार केला आहे.

‘तुमचा रिपोर्ट कोणालाही दिसत नाही’ असं मात्र लिहू नका. तंत्रज्ञाला दिसतो, सही करणाऱ्या डॉक्टरांना दिसतो, आणि बऱ्याच ठिकाणी काही संसर्गजन्य आजार आरोग्य यंत्रणेला कळवणं कायद्याने बंधनकारक असतं. ‘तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना, नोकरीच्या ठिकाणी किंवा विमा कंपनीला देत नाही. कायद्याने कळवावं लागतं तेवढाच अपवाद.’ हे लांब आहे, पण ते टिकतं.

आता तुमची स्वतःची जाहिरातसुद्धा गोपनीयता मोडू शकते, हे विसरू नका. लॅबच्या बुकिंगच्या पानावर जाहिरात कंपन्यांचे माग काढणारे कोड बसवलेले असतील तर कोणी कोणत्या चाचणीचं पान उघडलं, ही माहिती बाहेर जाऊ शकते, आणि मग त्याच चाचणीची जाहिरात त्या माणसाच्या मागे ऑफिसच्या स्क्रीनवर फिरत राहते. चाचण्यांच्या पानांवरून असे कोड काढायला सांगा. जाहिरातीत ‘तुम्हाला मधुमेह आहे?’ असा थेट प्रश्न टाळा. वाचणाऱ्याला वाटतं, यांना कसं कळलं? मेटाच्या जाहिरात नियमांतही वाचकाला अमुक आजार आहे असं सुचवणाऱ्या मजकुराला मनाई आहे. आणि खऱ्या रुग्णाच्या रिपोर्टचा फोटो, नाव झाकलेला असला तरी, वापरू नका. तारीख, वय आणि एखादा वेगळा आकडा एवढ्यावरून ओळखीचा माणूस ओळखतो.

पाचवी पायरी: भीती काढून टाका, पण गंभीर गोष्ट लपवू नका

‘घाबरवलं नाही तर लोक टेस्ट करत नाहीत’ हे वाक्य तुम्हाला मीटिंगमध्ये ऐकायला मिळेलच. १९५३ साली जॅनिस आणि फेशबॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग तेव्हा आठवा. दातांच्या निगेबद्दल वेगवेगळ्या गटांना कमी, मध्यम आणि फार भीतीदायक अशी तीन व्याख्यानं ऐकवली. सर्वात भीतीदायक व्याख्यान ऐकलेली मुलं सर्वात जास्त काळजीत पडली, पण सांगितलेलं वागण्यात आणलं ते कमी भीती दाखवलेल्या मुलांनी. नंतरच्या अभ्यासांतून चित्र याहून गुंतागुंतीचं दिसलं आहे, पण घाबरलेल्या माणसाला पुढे करता येण्यासारखं काही दिसलं नाही तर तो विषयच टाळतो, हे कोणत्याही लॅबच्या फोनवर बसलं की कळतं.

होम कलेक्शनच्या जाहिरातीत भीती दोन रूपांनी शिरते. एक उघड: ‘उशीर होण्याआधी’, उतरत जाणारं घड्याळ, ‘मोजक्याच जागा’. ही कापायला सोपी. दुसरी लपलेली असते: चाचण्यांची मोठी संख्या. ‘७२ चाचण्या एकाच नमुन्यात’ वाचलं की वाटतं, आपल्यात तपासण्यासारखं इतकं काही बिघडलेलं असू शकतं! शिवाय त्यातून खरी भीती नंतर तयार होते. रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत यावेत. म्हणजे एका चाचणीत वीसपैकी एक निरोगी माणूस मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या २० चाचण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. प्रत्यक्षात बऱ्याच चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून आकडा थोडा हलेल, पण दिशा हीच. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी ठळक आकडा घेऊन रात्रभर जागा राहतो.

म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या किंवा कारण असलेल्या चाचणीची जाहिरात करा. संख्या हा विकण्याचा मुद्दा करू नका. लॅबला हे पटवणं सोपं नसतं. मी तरी यावर अडून बसतो.

गंभीर गोष्ट मात्र साध्या सुरात सांगितलीच पाहिजे. उदाहरणार्थ, आकडा धोक्याच्या पातळीवर असेल तर लॅबचे डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता फोन करतात का? करत असतील तर ते जरूर लिहा. त्या ओळीत धोका आहे, पण सोबत कोणी तरी जागं आहे हेही आहे.

सहावी पायरी: आता लिहा

लॅबकडून मला आलेला कच्चा मजकूर साधारण असा होता:

> उशीर होण्याआधी जागे व्हा! मधुमेह आतून शरीर पोखरतो आणि तुम्हाला कळतही नाही. आजच घरबसल्या तपासा. ७२ चाचण्या, १०० टक्के अचूक, संपूर्ण गोपनीय. अत्याधुनिक तंत्रज्ञान. रिपोर्ट थेट मोबाईलवर. मोजक्याच जागा शिल्लक!

वहीच्या उजव्या बाजूने याला घासून बघितलं. ‘जागे व्हा’ आणि ‘मोजक्याच जागा’ यांना उजवीकडे काहीच नाही; जागा रोज असतात. ‘अत्याधुनिक’ला यंत्राचं नाव होतं, पण वाचकाला त्याचं काय? ‘घरबसल्या’ हा एकच शब्द खरा आणि उपयोगी निघाला, कारण सकाळी उपाशीपोटी लॅबपर्यंत जाणं हीच वाचकाची खरी अडचण. तिथून सुरुवात केली.

> उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी: नमुना घरी येऊन नेतो
>
> डॉक्टरांनी चाचणी सांगितली आहे, पण सकाळी उपाशीपोटी लॅबपर्यंत जाणं जमत नाही? सकाळी साडेसहा ते साडेनऊमधली अर्ध्या तासाची वेळ तुम्ही निवडा. येणाऱ्याचं नाव आणि फोटो आदल्या संध्याकाळी तुमच्या फोनवर येईल.
>
> सुईचं पाकीट तुमच्यासमोर उघडतो. रक्त घेतल्यावर नळीवर तुमचं नाव, जन्मतारीख आणि वेळ तुमच्यासमोरच लिहितो. ते एकदा वाचून घ्या.
>
> साखरेची नळी दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचते. नमुना घेतल्याची आणि पोहोचल्याची, दोन्ही वेळा रिपोर्टवर छापलेल्या असतात. नमुना योग्य नसेल तर त्यावरून आकडा देत नाही. पुन्हा येतो, त्याचे पैसे लागत नाहीत. दोन्ही चाचण्या आयएसओ १५१८९ च्या मान्यतेखाली होतात.
>
> दारात चाचणीचं नाव घेत नाही. मेसेजमध्येही ते नसतं. रिपोर्ट कोणत्या नंबरवर हवा, ते तुम्ही सांगा.
>
> आकडा तातडीचा असेल तर आमचे डॉक्टर स्वतः फोन करतात. रिपोर्टचा अर्थ तुमच्या डॉक्टरांकडून समजून घ्या.

यात ‘विश्वास’ हा शब्द नाही, ‘अचूक’ नाही, ‘गोपनीय’ही नाही. रिपोर्टवर दोन वेळा छापायची कल्पना मॅनेजरची. त्यामुळे दोन तासांचं वचन प्रत्येक ग्राहक स्वतः मोजू शकतो. रविवारी गाडी एकच असायची आणि दोन तास पाळले जात नव्हते, म्हणून साखरेसाठी रविवारची वेळच बंद ठेवली. पर्याय होता ‘शक्यतो दोन तासांत’ लिहिण्याचा. ‘शक्यतो’ हा शब्द आला की आधीचं सगळं वाक्य सैल पडतं.

जागा कमी असेल, म्हणजे फोनवरची छोटी पट्टी असेल, तर मथळा, नळीवरच्या नावाची ओळ आणि नंबरची ओळ ठेवा. बाकीचं आत.

शेवटची पायरी: ज्याच्या हातात सुई आहे त्याला वाचून दाखवा

छापायच्या आधी जाहिरात फ्लेबोटॉमिस्टना मोठ्याने वाचून दाखवा. मालक नसताना. आमच्या बैठकीत ‘येणाऱ्याचं नाव आणि फोटो आदल्या संध्याकाळी’ या ओळीवर एक जण म्हणाला, ‘सर, कोणी आजारी पडलं की सकाळी माणूस बदलतो. मग दारात लोक फोटो दाखवून आम्हाला परत पाठवतील.’ त्याचं बरोबर होतं. लॅबने नियम केला की माणूस बदलला तर निघण्याआधी नवीन नाव आणि फोटो जाईल, आणि तो मेसेज पोहोचल्याशिवाय बेल वाजवायची नाही. ओळीत आम्ही पाच शब्द वाढवले: ‘बदल झाला तर लगेच कळवतो.’

मग हीच जाहिरात फोनवर बसणाऱ्यांना द्या आणि प्रत्येक ओळीवर ग्राहक काय विचारेल ते त्यांच्याकडून लिहून घ्या. उत्तर एकाकडून एक आणि दुसऱ्याकडून दुसरं आलं, तर ती ओळ अजून तयार नाही.

वहीत प्रत्येक दाव्यापुढे तारीख घाला आणि दर तीन महिन्यांनी मॅनेजरबरोबर पुन्हा बसा. मार्ग बदललेले असतात, एखादी फेरी कमी झालेली असते, मान्यतेची मुदत संपत आलेली असते. रिपोर्टवरच्या त्या दोन वेळा घ्या, पन्नास रिपोर्ट काढा आणि किती नळ्या दोन तासांत पोहोचल्या ते मोजा. एखाद-दुसरी उशिरा आली असेल तर कारण शोधा. बऱ्याच आल्या असतील तर मार्ग दुरुस्त होईपर्यंत ती ओळ जाहिरातीतून काढा, त्याच दिवशी.